अण्णांच्या दंडावरचा वळ

"डॉक्टर, मी ४९ वर्षांची, नाशिकरोडला राहते. वडील, म्हणजे अण्णा, ७८ वर्षांचे. प्रेसमधून निवृत्त झालेले. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. आई नाही, भाऊ पुण्याला. रात्री दोन-तीनदा उठतात, 'ड्यूटीला उशीर झाला' म्हणत दार उघडायला जातात. गेल्या गुरुवारी मी त्यांचा दंड इतका घट्ट धरला की सकाळी वळ दिसला. त्याच रात्री मनात आलं, 'देवा, सोडव रे यांना एकदाचं.' ज्यांनी मला सायकलच्या नळीवर बसवून शाळेत सोडलं, त्यांच्याबद्दल असं मनात येतं! माझ्यासारखी वाईट मुलगी नसेल. भावाला सांगितलं तर म्हणतो, 'माझ्याशी फोनवर तर छान बोलतात.'"

ताई, आधी वळाबद्दल बोलू. या वयात कातडी कागदासारखी पातळ झालेली असते. त्यात अण्णा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, तर साध्या पकडीनंही काळंनिळं होतं. हात वर करताना ते कळवळतात का, सूज वाढतेय का, हे बघा. तसं काही असेल तर आजच दाखवून घ्या आणि डॉक्टरांना 'पडले' असं सांगू नका, 'मी धरलं होतं' असंच सांगा. पडले म्हटलं की तपासणी डोक्याच्या मारापासून सुरू होते आणि खरी अडचण तशीच घरी परत जाते.

हे मी आधी सांगितलं, कारण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्यात. राग येणं ही एक गोष्ट आणि रागाच्या भरात हात पडणं ही दुसरी. पहिलीबद्दल स्वतःला शिक्षा करून काही हाती लागत नाही. दुसरीकडे मात्र धोक्याची घंटा म्हणूनच बघायचं. बहुतेक घरांत उलटं होतं. राग आल्याचीच इतकी लाज वाटते की माणूस तो दाबत राहतो, कुणाला सांगत नाही, आणि मग एका रात्री तो हातातून बाहेर पडतो.

सांभाळणाऱ्यावरचा ताण मोजायला आम्ही झारिट यांची प्रश्नावली वापरतो. मूळची ती १९८० सालची; आज सर्रास वापरतात तिच्यात २२ प्रश्न असतात आणि प्रत्येकाला ० ते ४ गुण. त्यातला एक प्रश्न सरळ असा आहे की, या व्यक्तीच्या जवळ असताना तुम्हाला राग येतो का? आणखी एक विचारतो की, आपण त्यांच्यासाठी अजून करायला हवं असं वाटतं का? म्हणजे राग आणि टोचणी, दोन्ही एकाच माणसात सापडणार हे प्रश्नावली करणाऱ्यांनी धरूनच ठेवलंय. माझ्या ओपीडीत या रागाच्या प्रश्नाला 'कधीच नाही' असं उत्तर आलं की मी पेन खाली ठेवते आणि थोडा वेळ थांबते. बहुतेकदा पाच मिनिटांत रडू येतं.

'सोडव रे यांना' बद्दलही तसंच. डिमेन्शियात माणूस समोर असतो, पण आपला माणूस हप्त्याहप्त्यानं जात असतो. तुम्हाला सायकलवर बसवणारे अण्णा थोडेथोडे गेलेच आहेत, आणि त्यांच्यासाठी रडायला तुम्हाला कुणी दहा दिवसही दिलेले नाहीत. हे सगळं एकदाचं संपावं, असं अशा वेळी मनात येतं. सांभाळणाऱ्या मुली, सुना, मुलगे, नवरे, बायका यांच्याकडून मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्यावरून मी कुणाचीही माया मोजत नाही. मी एवढंच विचारते की, ही इच्छा अण्णांपुरतीच आहे की त्यात तुम्हीही आलात? 'आम्ही दोघंही संपलो तर बरं' असं मनात येऊ लागलं असेल, किंवा त्यांच्या गोळ्या जास्त देऊन बघाव्या असं वाटलं असेल, तर हे उत्तर पुढे वाचू नका. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर आत्ता फोन करा. तो रात्रीही चालू असतो.

आता रागाकडे जरा कोरडेपणानं बघू. माझा अनुभव असा की हा राग दिवसभर सारखा पसरलेला नसतो. त्याला ठरावीक वेळा असतात आणि त्या सापडल्या की निम्मं काम होतं. सिडकोतल्या एका घराचं सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत. सून ४४ वर्षांची, घरी शिवणकाम करणारी. सासूबाई ७६ वर्षांच्या. सून पहिल्यांदा आली ती 'माझ्यात माणुसकीच उरली नाही' असं म्हणत. सासूबाईंशी ती तीन दिवस एक शब्दही बोलली नव्हती. जेवण पुढे ठेवायची आणि निघून जायची. मी तिला उपदेश केला नाही. मुलाच्या जुन्या वहीत सात दिवस चार रकाने भरायला सांगितले. किती वाजता काय झालं, त्याच्या अर्धा तास आधी काय चाललं होतं, आपला राग दहापैकी किती, आणि त्या रात्री आपली स्वतःची झोप किती तास.

वही परत आली तेव्हा सात रात्रींत सासूबाई ३१ वेळा उठल्या होत्या, त्यातल्या १९ वेळा लघवीसाठी. सात किंवा त्याहून जास्त राग तिनं दहा वेळा लिहिला होता. त्यातले सात प्रसंग रात्री एक ते पहाटे पाच यांच्यातले होते. दोन दुपारचे, आणि दोन्ही वेळा आदल्या रात्री तिची झोप चार तासांच्या आत. उरलेला एक प्रसंग वेगळा होता, त्याकडे नंतर येते. वही बघून ती म्हणाली, "म्हणजे मी सकाळी दहा वाजता चांगली असते की." असायचीच. माणुसकी संपली असती तर ती सकाळीही दिसली नसती.

मग सासूबाईंच्या गोळ्यांची पिशवी पालथी केली. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं आणि ती रात्री आठला दिली जात होती, कारण 'रात्रीच्या गोळ्या' म्हणून सगळ्या एकाच डबीत. स्मरणशक्तीसाठीची डोनेपेझिल रात्री नऊला. ती बऱ्याच जणांना रात्री चालते, पण काहींना तिच्यानं खरीखुरी वाटणारी स्वप्नं पडतात, झोप मोडते, आणि लघवीची घाईही वाढू शकते. दुपारी जेवण झाल्यावर एक ते साडेचार अशी गाढ झोप. साडेसातला पूर्ण कप चहा. आणि पोट चार दिवस साफ झालेलं नाही, जे म्हाताऱ्या माणसाला धड सांगताही येत नाही.

बदल एकदम केले नाहीत. एकदम केले की कशाचा उपयोग झाला ते कळत नाही. त्यांच्या फिजिशियनशी बोलून लघवीची गोळी सकाळी आणली. चार-पाच दिवसांनी डोनेपेझिल नाश्त्यानंतर. मग पोटासाठी सिरप सुरू केलं. दुपारची झोप दोनच्या आत आणि पाऊण तासावर आणली, त्याऐवजी चारनंतर त्यांना गॅलरीत उजेडात बसवून शेंगा सोलायला दिल्या. चहा साडेचारला, आणि दिवसभराचं पाणी शक्यतो सहाच्या आत. पाणी कमी केलं नाही, फक्त त्याची वेळ अलीकडे आणली. तीन आठवड्यांनी आठवड्यातलं उठणं ३१ वरून १३ वर आलं. तिचे प्रश्नावलीतले गुण ५८ होते ते ४१ झाले. सासूबाईंचा आजार होता तिथेच होता, पण सून पुन्हा त्यांच्याशी बोलायला लागली.

प्रत्येक घरात इतकं जमत नाही, हेही सांगायला हवं. काहींच्या मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळच बिघडलेलं असतं. मग औषधांच्या वेळा बदलून थोडंच हलतं. अशा वेळी लोक झोपेची गोळी मागतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांनी झोप लागते, पण पहाटे बाथरूमला जाताना तोल जातो आणि दुसऱ्या दिवशी गोंधळ वाढतो. खुब्याचं हाड मोडलं तर तुमचं काम चौपट होतं. त्याहून जड औषधं म्हणजे रिसपेरिडोन, क्वेटियापिनसारखी. डिमेन्शियात त्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल तेव्हाच ती छोट्या डोसमध्ये, थोड्या दिवसांसाठी, तारीख ठरवून फेरतपासणी करत देतात. शेजाऱ्यांनी सांगितली म्हणून नाही. सर्दी-ॲलर्जीची झोप आणणारी साधी गोळीही या मेंदूला गोंधळात टाकते.

तुमच्या घरची रात्र. तीन वाजता अण्णा शर्ट चढवून दाराशी उभे असतात तेव्हा "अण्णा, रिटायर होऊन अठरा वर्षं झाली" हे वाक्य खरं असलं तरी निरुपयोगी आहे. त्यांच्या मेंदूत आज ड्यूटी आहे, आणि तुम्ही त्यांना अडवणाऱ्या कुणीतरी आहात. दंड धरला जातो तो इथेच. त्यांच्या समोर, दार अडवून उभ्या राहू नका; बाजूला, त्यांच्याच दिशेला तोंड करून उभ्या राहा. "हो, निघायचंय ना, आधी बाथरूमला जाऊन येऊ" म्हणा. दहातल्या सहा वेळा मूळ कारण तिथेच निघतं, असा माझा ढोबळ अंदाज आहे. लघवी लागलेली असते आणि ती 'कुठेतरी जायचंय' अशी जाणवते. नंतर कोमट पाण्याचे दोन घोट, आणि "आज सुट्टी आहे, गेट बंद आहे." बऱ्याच मुलींना इथे अडखळायला होतं, वडिलांशी खोटं कसं बोलायचं म्हणून. मी सांगते की, तुम्ही त्यांना फसवून काही मिळवत नाही आहात. ज्या जगात ते उभे आहेत तिथली भाषा बोलताय एवढंच.

पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा रात्रभर चालू ठेवा. दाराला मंजुळ घंटी लावा, म्हणजे तुम्हाला एक डोळा उघडा ठेवून झोपावं लागणार नाही. कडी त्यांच्या नजरेच्या वर लावली तरी चालेल, पण घरात त्यांना एकट्याला कोंडून बाहेर जायचं नाही. शर्टाच्या आतल्या बाजूला तुमचा फोन नंबर लिहिलेली पट्टी शिवून टाका. आणि संध्याकाळी मुक्तिधाम मंदिरापर्यंत चालवत नेता आलं तर न्या, उजेड असताना. तिन्हीसांजेला अशा पेशंटचं अस्वस्थ होणं वाढतं, त्या वेळी घरातले सगळे दिवे आधीच लावून ठेवा आणि टीव्हीवरच्या बातम्या बंद.

हे सगळं करूनही रागाचा एक भाग उरेल, आणि तो अण्णांवरचा नसेलच. सिडकोच्या वहीतला तो उरलेला दहावा प्रसंग रविवारी सकाळी अकराचा होता, रात्री नीट झोप झालेली असताना. नणंद भेटायला आली होती, आणि जाताना म्हणाली, "आई किती बारीक झाली गं." राग दहापैकी दहा. हा राग झोपेनं जात नाही. त्याचा हिशेब माणसांशीच करावा लागतो.

तुमच्या भावाचं 'फोनवर छान बोलतात' हे त्याचं खोटं नाही. डिमेन्शियातली माणसं पाच-दहा मिनिटं, ओळखीच्या आवाजाशी, जुन्या सवयीनं उत्तम निभावतात. "काय म्हणतोस, जेवलास का, पाऊस आहे का तिकडे" ही वाक्यं मेंदूत खोल कोरलेली असतात, ती बराच काळ टिकतात. त्यामुळे दूरच्या भावंडाला बहीण वाढवून सांगतेय असं वाटतं. वाद घालून हे पटत नाही. माझा नेहमीचा उपाय ४८ तासांचा आहे. भावानं शुक्रवारी संध्याकाळी यायचं, दोन रात्री अण्णांजवळ एकट्यानं काढायच्या, आणि तुम्ही त्या वेळात घरात नसायचं. वरच्या मजल्यावर नाही, शेजारी नाही. मैत्रिणीकडे, गंगापूर रोडला, कुठेही, पण हाकेच्या अंतरावर नाही. जाताना गोळ्यांचा कागद, वही आणि रात्रीची वाक्यं लिहून ठेवा. पहिल्या रात्री तो फोन करेल. उचला, उत्तर द्या, पण परत येऊ नका.

त्यानंतर मागणी करायची ती तुकड्यात. 'जरा लक्ष दे' ला कुणीही 'हो' म्हणतं आणि काहीच होत नाही. 'महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार तुझा' किंवा 'रात्रीच्या माणसाचा पगार तुझ्याकडून' याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. नाही आलं तर निदान तुम्हाला कळतं की वाट बघणं थांबवायचं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एका दीर्घ अभ्यासात डिमेन्शिया झालेल्या जोडीदाराला सांभाळणाऱ्यांना दोन बैठका एकट्यानं आणि चार बैठका बाकी कुटुंबासह दिल्या, पुढेही आधार चालू ठेवला. त्या घरांत पेशंटला संस्थेत ठेवण्याची वेळ सुमारे दीड वर्ष पुढे गेली. ते लोक नवरा-बायको होते आणि देश वेगळा, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्याला लावणार नाही. पण सहापैकी चार बैठका बाकीच्यांना बसवून घेतल्या, हे मात्र मी उचललंय.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, तरी विचारते. अंघोळ कोण घालतं? मुलीनं वडिलांना अंघोळ घालणं दोघांनाही जड जातं. अण्णा हात झटकत असतील, शिव्या देत असतील, तर त्यात लाजेचा वाटा मोठा असतो. ती स्मरणशक्तीच्या मागून जाते. नर्सिंग ब्युरोकडून सकाळचे दोन तास पुरुष मदतनीस मिळतो का बघा. आणि रोज अंघोळ झालीच पाहिजे हा आपल्याकडचा नियम इथे सोडा. आठवड्यातून दोन-तीनदा अंघोळ, बाकी दिवशी ओल्या पंचानं काखा, जांघा, पाय पुसले तरी कातडी चांगली राहते. आत्या आली आणि "आज अंघोळ नाही घातली?" म्हणाली तर माझं नाव सांगा.

आता धोका कुठे ओळखायचा ते. अण्णांचा गोंधळ हळूहळू वाढणं हा आजार आहे. पण दोन-तीन दिवसांत एकदम वाढला, दिवसा सुस्त आणि रात्री भ्रमिष्ट, नसलेली माणसं दिसू लागली, तर तो डिमेन्शिया 'वाढला' असं समजू नका. लघवीतलं इन्फेक्शन, तुंबलेलं पोट किंवा लघवी, रक्तातलं सोडियम उतरणं, नवीन गोळी, आठवड्यापूर्वी न सांगता पडलेले असणं, यांपैकी काही असण्याची शक्यता खूप असते, आणि यातलं बरंचसं बरं होतं. त्याच दिवशी फिजिशियनकडे. कितीतरी घरांत सांभाळणारी अशा आठवड्यातच कोलमडते आणि दोष स्वतःच्या सहनशक्तीला देते.

आणि तुमचा धोका. दुसरं कुणी अण्णांजवळ झोपलं असतानाही तुम्हाला पहाटे चारला जाग येते का? जेवणाची चव गेलीय का? पूर्वी जे आवडायचं त्यातलं काहीच दोन आठवड्यांहून जास्त काळ आवडत नाहीये का? तसं असेल तर तो निव्वळ थकवा राहिलेला नाही, नैराश्य आहे, आणि त्यावर औषध आहे. तुमचं वय ४९, म्हणजे पाळी जाण्याच्या आसपासचं. अंगातून वाफा, मोडणारी झोप, चटकन येणारा संताप हे त्यातूनही येतं. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर तपासून घ्या. 'वडिलांचं करते म्हणून दमते' या वाक्याखाली सहा महिने लपलेला ॲनिमिया मी पाहिलाय.

हात पुन्हा उठेल असं वाटलं की काय करायचं, ते आत्ता दिवसाउजेडी ठरवून ठेवा, रात्री सुचत नाही. अण्णा पडणार नाहीत एवढं बघून दुसऱ्या खोलीत जा, गार पाण्यानं मनगटं धुवा, पाच मिनिटं. ते तोपर्यंत ड्यूटीच्या गोष्टी करत राहिले तरी चालेल. पुन्हा वळ उठला, किंवा त्यांना बांधून ठेवावंसं वाटलं, तर ती रात्र एकट्यानं निभावायची नाही. त्याच आठवड्यात रात्रीचा माणूस लावायचा, पैसे कुठून यायचे ते नंतर बघायचं. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या एल्डरलाइनवर सांभाळणाऱ्यांनाही विचारता येतं.

वही आज रात्रीपासून सुरू करा. सात दिवस भरले की अण्णांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, संपलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून तुमच्या डॉक्टरांकडे जा. त्या भेटीला अण्णांना नेऊ नका. ते शेजारी बसलेले असले की तुम्ही अर्धंच सांगाल.